हळदीच्या फोटोतली नऊ माणसं

पहिल्या चित्रात सहाही बायकांना एकच नाक होतं.

मधुवंतीने चित्र स्क्रीनवर मोठं करून पाहिलं. नाक सरळ, टोकाला किंचित निमुळतं, जाहिरातीत शोभेल असं. मूळ फोटोत तसं नाक कोणालाच नव्हतं. सखुबाईंचं नाक बसकं होतं, त्यांची सून हेमाली हिचं लांब होतं, आणि त्यांच्या दोन्ही मुलींनी, अमिषा आणि कल्पिताने, आईचंच नाक थोडं थोडं वाटून घेतलं होतं. सगळ्यांचे खांदे एका मापाचे झाले होते. सखुबाईंचा थोरला मुलगा दिपेश याचा चष्मा गेला होता. शिवाय नऊ माणसांची दहा झाली होती. दहावी बाई मागच्या रांगेत दोघींच्या मधून डोकं काढून प्रसन्न हसत होती.

"ही कोण?" काम घेऊन आलेल्या कल्पिताने विचारलं.

"कोणी नाही. मधे जागा रिकामी दिसली म्हणून एआयने भरलीय."

"पण साडी आमचीच नेसलीय."

पेणच्या बाजारपेठेतल्या त्या स्टुडिओत मधुवंतीचे वडील तात्या कोपऱ्यातल्या खुर्चीवर वर्तमानपत्र वाचत बसले होते. चाळीस वर्षं त्यांनी हा स्टुडिओ चालवला होता. मधुवंती भौतिकशास्त्रात एमएस्सी करून काही वर्षं कॉलेजात शिकवत होती. तात्यांचे हात थरथरायला लागले तेव्हा तिने स्टुडिओ घेतला. तात्यांनी पेपर न हलवता म्हटलं की शेजारच्या गणपतीच्या कारखान्यातसुद्धा एका साच्यातून निघालेल्या मूर्तींचे डोळे निदान हाताने वेगवेगळे आखतात.

कल्पिता हसली, पण मधुवंतीच्या लक्षात आलं की ती मनातून हसलेली नाही.

तिला हे चित्र कशासाठी हवं होतं ते तिने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. तिचे वडील धर्मा जन्मभर मिठागरावर कामाला होते. आता त्यांच्या डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग खराब झाला होता. पनवेलच्या डॉक्टरांनी इंजेक्शनं दिली, बिघडणं थांबलं, पण गेलेलं परत येणार नव्हतं. कडेचं दिसायचं. दार कुठे आहे, गाय कुठे उभी आहे, ताटात भात कोणत्या बाजूला आहे, हे सगळं त्यांना कळायचं. पण ज्याच्याकडे थेट बघावं तिथेच करडा डाग यायचा, आणि माणसाच्या बाबतीत थेट बघायची जागा म्हणजे चेहराच. घरातली माणसं ते आवाजावरून, चालण्यावरून, अंगावरच्या कपड्यांवरून ओळखायचे. हे घरात कोणाला नीट कळलं नव्हतं, कारण धर्मा ते कळू देत नव्हते.

दिवाळीत कल्पिताने त्यांच्यापुढे मोबाइल धरून धाकट्या भावाचा, निकेतचा फोटो दाखवला. धर्मांनी मान तिरकी करून पाहिलं आणि म्हणाले, मस्त आलाय पोरगा. मग कल्पिताने मोबाइल आपल्याकडे वळवला. चुकून पुढचा फोटो उघडला होता. दुरुस्तीवाल्याने पाठवलेला, विहिरीवरच्या पंपाचा.

तिने वडिलांना काहीच सांगितलं नाही. पण त्यानंतर घरात कोणी त्यांना फोटो दाखवायला लागलं की ती उठून आत जायची.

निकेतच्या हळदीला घरच्या नऊजणांचा एक चांगला ग्रुप फोटो निघाला होता. तो वाढवून छापला तरी धर्मांना उपयोग नव्हता. मांडवाची झालर, रंगीत दिवे, फुलांच्या माळा, साड्यांवरची बुट्टी, सगळं एकमेकांत मिसळून जायचं. मोबाइलवर एकेक तुकडा मोठा करून दाखवला तर शेजारी कोण उभं आहे तेच हरवायचं. म्हणून कल्पिताला वाटलं होतं की फोटोचं चित्र करावं. ठळक काळी रेघ, सपाट रंग, मागे काहीच नाही, आणि माणसं मोठी. तीन फूट रुंद. भिंतीवर लावलं की वडिलांना कोणी न सांगता प्रत्येकजण ओळखू यावा. पंपाला मस्त म्हणायची वेळ त्यांच्यावर पुन्हा येऊ नये.

मधुवंतीला ही कल्पना पटली होती. पण आता समोरच्या चित्राकडे बघताना अडचणही स्पष्ट दिसत होती. आगरी घरांतल्या रिवाजाप्रमाणे हळदीला घरच्या बायका एका रंगाच्या, एका नमुन्याच्या साड्या नेसल्या होत्या. हळदी रंग, हिरवा काठ. पुरुषांचे पांढरे झब्बे. कपडे सारखेच म्हटल्यावर ओळखायला उरतो चेहरा आणि बांधा, आणि एआयने नेमकं तेच सगळ्यांना सारखं वाटून टाकलं होतं.

"वहिनी बारीक झालीय, ती खूश होईल," कल्पिता म्हणाली. "पण बाबांना ती सापडायची नाही."

मधुवंतीने तिला आठवडाभराने यायला सांगितलं, आणि जाण्याआधी दोन कामं दिली. एक, नऊजणांचे आणखी दोन-दोन फोटो पाठवायचे, पण व्हॉट्सअॅपवर नुसते नाही, डॉक्युमेंट म्हणून, नाहीतर पोचेपर्यंत त्यांतला बारकावा निघून जातो. दोन, डावीकडून उजवीकडे प्रत्येकाची यादी करायची. कपड्यांचा रंग, काठ, दागिने, चष्मा, गजरा. काउंटरवरच बसून कल्पिताने यादी लिहून दिली. पहिल्या ओळीत तिने लिहिलं, सगळ्या बायका : हळदी साडी, हिरवा काठ. मग पुरुषांकडे वळली.

चूक नेमकी कुठे होते ते शोधायला मधुवंतीला एक दिवस लागला. मूळ फोटो सहा हजार पिक्सेल रुंद होता, पण काम सुरू करण्याआधी एआय तो लहान करून दीड हजारावर आणत होतं. तेवढ्या रुंदीत नऊ माणसं. मागच्या रांगेतल्या एका चेहऱ्याच्या वाट्याला ऐंशीएक ठिपके येत होते आणि डोळ्याच्या वाट्याला जेमतेम पंधरा. पंधरा ठिपक्यांत हा डोळा अमिषाचा की कल्पिताचा, हे लिहिलेलं नसतं. जे माहीत नाही ते एआय आजवर पाहिलेल्या हजारो चेहऱ्यांवरून भरून काढतं, आणि हजारोंची सरासरी म्हणजे ते निमुळतं नाक.

म्हणून तिने पूर्ण फोटो एकदम देणं बंद केलं. मूळ मोठ्या फोटोतून नऊ चौकोन कापले, प्रत्येकात एक डोकं आणि खांदे. सगळे चौकोन एकाच मापाने मोठे केले, कारण एक जास्त आणि एक कमी मोठा केला तर परत जागेवर बसवताना एकाची रेघ जाड आणि दुसऱ्याची बारीक दिसते. शैलीचा नमुना म्हणून एकच चित्र सगळ्यांना लावलं. फोटोतल्या कडांची रेखाकृती काढून ती आधार म्हणून दिली, म्हणजे नाक आणि जबडा जागचे हलणार नाहीत, आणि किती बदल करायचा त्याचं प्रमाण खाली ठेवलं. शेजाऱ्याचा कान किंवा खांदा चौकोनात येत होता तो झाकला. असे नऊ चेहरे वेगवेगळे करून घेतल्यावर ते पूर्ण चित्रात ज्याचे त्याच्या जागी बसवायचे आणि कडा हलक्या हाताने जुळवायच्या.

चेहरे जमायला चार दिवस लागले. सखुबाईंच्या सुरकुत्या दरवेळी निम्म्या होत होत्या. अमिषा आणि कल्पिता पुन्हा पुन्हा एक होत होत्या. शेवटी मधुवंतीने दोघींचे चौकोन शेजारी ठेवून फरक कागदावर लिहिले. अमिषाच्या भुवया कमी कमानदार, वरचा ओठ जाड. कल्पिताची मान जराशी डावीकडे कललेली. हे फरक ठळक रेघेत टिकतात की नाही ते प्रत्येक वेळी तपासलं. प्रमाण कमी ठेवलं की फरक टिकायचे पण चित्र फोटोसारखं गजबजायचं. वाढवलं की चित्र छान व्हायचं आणि बहिणी जुळ्या व्हायच्या. मधला आकडा सापडेपर्यंत तिने तो तेवीस वेळा बदलला.

मग कपडे. एआयने साड्यांना वाटेल ते काठ दिले होते, कुणाला लाल, कुणाला सोनेरी. एकाच साडीचा काठ खांद्यावर हिरवा आणि निऱ्यांपाशी तपकिरी झाला होता. मधुवंतीने ठरवलं की रंग एआयवर सोडायचे नाहीत. तिने मूळ फोटोतल्या प्रत्येक साडीवर पाच ठिकाणी रंगाचे आकडे मोजले. पाच बायकांचे आकडे जवळजवळ जुळले. उजव्या टोकाला उभ्या असलेल्या जनीआत्याचे जुळेनात. जनी ही धर्मांची धाकटी बहीण, फोटोत शेवटची. तिच्या साडीचा पिवळा थोडा गडद येत होता आणि काठ हिरव्यापेक्षा निळ्याकडे झुकत होता. तिच्या मागेच मांडवाच्या खांबावर निळ्या दिव्यांची माळ होती. मधुवंतीने यादी पुन्हा वाचली. सगळ्या बायका : हळदी साडी, हिरवा काठ. निळा उजेड पडल्याने काठ निळसर दिसत असणार. तिने पाच साड्यांची सरासरी घेतली आणि तोच रंग सहाव्या साडीला दिला.

कल्पिता आली. तिने एकेका चेहऱ्यावर बोट ठेवत नऊच्या नऊ नावं घेतली. हेमाली पुन्हा रुंद झाली होती. दिपेशचा चष्मा परत आला होता आणि त्याचं पोटही. दहावी बाई नव्हती. साड्या काठोकाठ सारख्या.

तिच्या मते काम झालं होतं. मधुवंतीच्या मते अजून नव्हतं, कारण कल्पिताला चित्र दिसत होतं आणि ज्यांच्यासाठी ते केलं त्यांचं दिसणं वेगळं होतं. तिने सुचवलं की चित्र एकदा साध्या कागदावर पूर्ण मापात छापू, धर्माकाकांना इथे घेऊन या, आणि कोणी काही न बोलता ते काय ओळखतात ते बघू. घरचं कोणी खोलीत नको. आवाज आला तर परीक्षा फुकट.

धर्मा दोन दिवसांनी आले. इस्त्रीचा पांढरा सदरा, काळी टोपी. तात्यांना त्यांनी हाकेच्याही आधी ओळखलं, खुर्चीच्या करकरण्यावरून. दोघं एकमेकांना पन्नास वर्षं ओळखत होते. तात्यांनीच त्यांच्या लग्नाचा फोटो काढला होता, काळा-पांढरा, आणि मग हाताने रंगवला होता. सखुबाईंच्या शालूचा रंग तेव्हा त्यांनी फोटोच्या पाकिटावर लिहून घेतला होता, ही आठवण तात्यांनी धर्मांना सांगितली, पण मधुवंतीला ऐकू जाईल अशा आवाजात.

कल्पिता बाहेर फुटपाथवर थांबली. मधुवंतीने चित्र डोळ्यांच्या उंचीवर लावलं होतं. फोटोत कोण कुठे उभं होतं ते आठवतंय का, असं तिने आधी विचारून घेतलं. धर्मा म्हणाले की त्या फोटोवाल्याने सगळ्यांना इतक्या वेळा इकडून तिकडे हलवलं की शेवटी कोण कुठे गेलं ते त्यालाही आठवत नसेल.

मग ते चित्रासमोर उभे राहिले. हनुवटी डावीकडे वळवली. बघणाऱ्याला वाटावं की ते चित्र सोडून शेजारचं कॅलेंडर बघताहेत.

"ही म्हातारी," ते लगेच म्हणाले. "पदर कमरंला खोचल्याला. फोटूत पन."

मधुवंतीने वहीत सखुबाईंच्या नावापुढे खूण केली.

निकेतला त्यांनी तोंडावरच्या हळदीवरून ओळखलं. दिपेशला पोटावरून, आणि मग चष्म्यावरून खात्री केली. हेमालीला खांद्यांवरून. दोन बहिणींपाशी ते थांबले. हनुवटी थोडी खाली, थोडी वर, असं करत राहिले.

"ही कल्पी. मान वाकरी. मंग ही आमिशा."

प्राप्तीला, म्हणजे जनीच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीला, त्यांनी मोकळ्या केसांवरून ओळखलं. मधे खुर्चीवर बसलेल्या माणसाकडे हात करून म्हणाले, यो मी असन. मधुवंतीने तिथे खूण केली नाही. अंदाज, असं लिहिलं.

मग ते उजव्या टोकाशी आले. मान वळवली. एक पाऊल मागे गेले, पुन्हा पुढे आले.

"ही कोन हाय?"

मधुवंतीने वहीत त्या जागेपुढे प्रश्नचिन्ह काढलं.

"आनी जनी कुठं हाय? जनीला काय काढली?" त्यांचा आवाज चढला नव्हता, उलट खाली आला होता. "फोटूला व्हती ती. माझे समोरून गेली टोकाला." थोडं थांबून ते म्हणाले, "व्हय व्हय. हाय तीच असंल. चांगली आलीय."

हे शेवटचं वाक्य कोणत्या प्रकारचं आहे ते मधुवंतीला माहीत होतं. पंपाला मिळालेलं वाक्य होतं ते. तिने वही मिटली.

"काका, तुम्ही बरोबर सांगितलंत," ती म्हणाली. "चूक चित्रात आहे. मला फक्त सांगा, जनीआत्याला ओळखायला तुम्ही काय शोधत होता?"

धर्मा वळले. त्यांना हा प्रश्न आजवर कोणी विचारला नव्हता, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं.

"साडी," ते म्हणाले. "ह्या सगल्या हिरव्या काठाच्या. जनीचा काठ मोरपंखी. मीच घेतल्याली तिला, ह्याच बाजारातून. तवा मना दिसत व्हतं. सगले हिरव्यांत येकच मोरपंखी, ती मी खारीच्या बांधावरनं पन वलखीन."

कल्पिताला आत बोलावलं. ऐकताना ती काउंटरच्या कडेला टेकली आणि तिने कपाळाला हात लावला. साड्या पाचच मागवल्या होत्या, कारण प्राप्तीची परीक्षा होती आणि ती येणार नव्हती. ती आदल्या दिवशी येऊन थडकली. तेव्हा जनीआत्याने आपली साडी मुलीला दिली आणि पेटीतून त्यातल्या त्यात जवळच्या रंगाची आपली काढली. दिवसभर सगळ्यांनी तिची थट्टा केली होती. आणि यादी लिहिताना कल्पिताच्या डोळ्यांसमोर मात्र सहा सारख्या साड्या होत्या, कारण हळदीला त्या सारख्याच असतात.

"मी लिहिलं ना तसं. सगळ्या बायका," ती म्हणाली.

"तुम्ही लिहिलंत. पण मी मोजलं होतं," मधुवंती म्हणाली.

ती कॉम्प्युटरपाशी गेली आणि मूळ फोटो उघडला. जनीच्या काठाचे आकडे वहीत होतेच. निळ्या दिव्यांमुळे फरक पडला असेल, असं तिने मानलं होतं आणि पुढे गेली होती. आता तिने जनीच्या केसांतला गजरा मोजला. मोगऱ्याचा, त्या खांबाला काठापेक्षाही जवळ. निळा उजेड खरंच पडला असता तर आधी पांढरा गजरा निळसर झाला असता. गजऱ्याचे लाल, हिरवा आणि निळा, तिन्ही आकडे जवळजवळ सारखे होते. गजरा पांढराच होता.

एक मिनिटाचं काम होतं. विद्यार्थ्यांनी असं केलं असतं तर तिने त्यांना प्रयोग पुन्हा करायला लावला असता.

"मी पाकिटावर एकेकीला विचारून लिहायचो," तात्या म्हणाले. "घरातल्या एका माणसाला विचारून सगळ्यांचं नाही."

ते खरं होतं. मधुवंतीला वाटलं होतं की कपडे सारखे ठेवायचे म्हणजे साड्या एकमेकींसारख्या करायच्या. खरं तर प्रत्येकीची साडी फोटोतल्या तिच्या स्वतःच्या साडीसारखी राहायला हवी होती.

तिने यादी नव्याने केली, आणि या वेळी फोन करून प्रत्येकाला विचारलं. दिपेशच्या चष्म्याची काडी निळी निघाली, हेमालीने एका हातात घड्याळ घातलं होतं. शेवटचा फोन जनीला होता. जनी मुरूडच्या पुढे राहायची. तिला मधुवंतीने सगळं सांगितलं, तेव्हा ती म्हणाली की मग बरंच झालं. फोटोत ती एकटी वेगळी दिसते म्हणून तिने तो घरात लावलासुद्धा नव्हता. चित्रात सगळ्यांसारखी केली आहे तर राहू द्यावी. लोक बघतात आणि विचारतात, तुला साडी नाही मिळाली का.

मधुवंतीने क्षणभर विचार केला. साडी जनीची होती. चित्रात तिने कसं दिसावं यावर जनीचाही हक्क होता.

"आत्या, त्यांनी बाकी सगळे ओळखले," ती म्हणाली. "तुम्हाला शोधत राहिले. विचारत होते, जनीला काढली का."

पलीकडे कुठेतरी कोंबडा ओरडत होता.

"दादाला तो काठ दिसतो?"

"तेवढाच दिसतो."

"मंग मोरपंखीच ठेव, बाय," जनी म्हणाली. "आनी जरा जाड कर."

मधुवंतीने जनीच्या साडीचा पिवळा रंग आणि मग काठ मोजलेल्या आकड्यांवर परत आणला. जाड केला नाही, फोटोत होता तेवढाच ठेवला, पण भोवतीची काळी रेघ तिथे तुटत होती ती सलग केली. इतर पाच साड्यांचे हिरवे जिथल्या तिथे होते. मग तिने पूर्ण चित्राशेजारी मूळ फोटो ठेवला आणि दोन्हींतल्या नऊ माणसांवरून क्रमाने गेली, डोकं, गळा, हात, पदर, काठ. फोटोत नसलेलं काही चित्रात नव्हतं. फोटोतलं जे लागणार होतं ते सगळं आलं होतं.

या वेळी चित्र कॅनव्हासवर छापलं. रविवारी ती ते गाडीच्या मागच्या सीटवर आडवं ठेवून धर्मांच्या गावी घेऊन गेली. रस्ता खाडीकाठच्या खारीतून, खारट जमिनीतून जात होता. मिठागरं बरीचशी आता पडीक होती, काही ठिकाणी मासळीचे तलाव झाले होते.

कल्पिताने घरच्यांना बजावून ठेवलं होतं. मधुवंतीने चित्र भिंतीशी टेकवून उभं केलं तेव्हा ओटीवर सखुबाई, दिपेश, हेमाली सगळी होती आणि एकजणही बोलत नव्हतं. आगरी घरात रविवारी सकाळी एवढी शांतता पाहून शेजारची बाई दारातून डोकावून गेली.

धर्मांनी हनुवटी वळवली. या वेळी ते डावीकडून सुरू झालेच नाहीत. सरळ उजव्या टोकाकडे गेले आणि हात पुढे करून काठावर बोट टेकवलं.

"ही आमची जनी," ते म्हणाले.

मग त्यांनी बाकीच्यांना घेतलं, सावकाश, हजेरी घेतल्यासारखं. म्हातारी. पोरगा हळद फासल्याला. दिपेश, पोट कमी कर रं. हेमाली. कल्पी, आमिशा. परापती. मधुवंतीच्या हातात वही होती, पण तिने ती उघडली नाही. कल्पिता दाराला पाठ लावून उभी होती आणि प्रत्येक नावासरशी तिचे खांदे थोडे थोडे खाली येत होते.

मधल्या खुर्चीशी धर्मा थांबले. मधुवंतीला वहीतला अंदाज हा शब्द आठवला. पण ती काही विचारणार नव्हती.

"ह्यो," धर्मा म्हणाले, "माझे बासारखा दिसतो."

दोन वर्षं आरशात त्यांना आपला चेहरा दिसला नव्हता, हे तिथल्या बहुतेक सगळ्यांच्या एकदमच लक्षात आलं. मग सखुबाई म्हणाल्या की सासरे यांच्यापेक्षा देखणे होते, आणि ओटीवरची शांतता मोडली. दिपेश खिळा शोधायला गेला. हेमाली चहा ठेवायला उठली आणि जाताना मधुवंतीला म्हणाली की मॅडम, थोडी बारीक केली असती तरी चाललं असतं.

खिळा कुठे ठोकायचा यावर वाद झाला. दिपेशला चित्र धर्मांच्या खुर्चीसमोरच्या भिंतीवर, टीव्हीच्या वर हवं होतं. धर्मांनी नको म्हटलं. त्यांनी खुर्चीत बसून तोंड टीव्हीकडे केलं आणि हात बाजूला नेत नेत उजवीकडच्या भिंतीवर एक जागा दाखवली, खिडकीच्या अलीकडे.

"हितं," ते म्हणाले. "टीवीकडं बघतो तवा टीवी न्हाय दिसत मना. ही दिसतील."

दिपेशने तिथे खिळा ठोकला. मधुवंतीने लांबून बघून चित्राची डावी बाजू बोटभर वर घ्यायला सांगितली. कल्पिताने टीव्ही लावला, बातम्या सुरू होत्या. धर्मा बातम्यांकडे तोंड करून बसले, आणि थोड्या वेळाने त्यांनी सखुबाईंना सांगितलं की जनीला फोन लाव.